एकशे अकरा किलो तीळ आणि खोकणारी माऊ

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे हस्तलिखित पत्र आजकाल फोटोच्या रूपाने येते. पत्र लिहिणारी आत्या कोकणात, फोटो काढणारा नातू तिच्या शेजारी आणि उत्तर लिहिणारा भाचा पुण्यात, अशी साधारण मांडणी असते. या तिघांत पत्र वाचू शकणारी एकटी आत्याच असते, आणि तिला ते वाचायची गरज नसते.

पहिली अडचण फोटोची. नातू पत्र ट्यूबलाइटखाली धरतो. त्याच्या डोक्याची सावली मजकुराच्या मध्यभागी पडते आणि अंगठा नेमका तारखेवर येतो. पातळ कागदावर दोन्ही बाजूंनी लिहिलेले असेल, तर मागची अक्षरे पुढे उमटतात आणि एका ओळीत दोन ओळी दिसू लागतात. म्हणून पत्र खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, सपाट पाटावर ठेवावे. खाली काळा कागद घातला की मागची शाई बरीच दबते. फ्लॅश बंद ठेवावा. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर तो आक्रसतो आणि अनुस्वार गळून पडतात. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर शाबूत पोचतो. चारही समास फोटोत आले पाहिजेत. आत्याच्या पिढीत कागद संपला म्हणून मजकूर संपत नसे. तो समासातून वळसा घालून पुन्हा ‘॥ श्री ॥’पाशी येई.

आता वाचन. मधला मजकूर अवघड म्हणून भाचा आधी त्यालाच भिडतो आणि मायना व शेवट ‘ते नेहमीचेच’ म्हणून सोडून देतो. खरे तर पत्राची किल्ली त्या नेहमीच्या ओळींतच असते. ‘अनेक आशीर्वाद’, ‘येथील सर्व क्षेम’, ‘कळावें’, ‘लोभ असावा’ हे शब्द काय आहेत हे न वाचताही ठाऊक असते. त्यामुळे आत्या श कसा काढते, क्ष कसा, भ कसा, हे तिथे खात्रीने कळते. ही अक्षरे वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावीत आणि मग मधल्या रानात शिरावे.

नमुन्यादाखल अशा पत्राचा एक तुकडा घेऊ. भाच्याने पहिल्या वाचनात तो असा उतरवला: ‘तीळ १११ किलो आणविले. लाडू पाठवितें, रथसप्तमीच्या आंत रवावे. माऊस रात्रीं खोकला येतो. हळदीचें दूध वाटीभर घेतो.’ एवढ्यावर त्याने दोन निष्कर्ष काढले. आत्याने घाऊक व्यापार सुरू केला असून तिच्या मांजराला पशुवैद्याकडे नेणे निकडीचे आहे.

तिळाचा आकडा आधी पाहू. जुन्या लिखाणात पाव, अर्धा आणि पाऊण हे अनुक्रमे एक, दोन आणि तीन उभ्या रेघांनी दाखवत. म्हणून ‘१॥’ म्हणजे दीड. भाच्याने त्या दोन रेघांना एकाचे आकडे मानले आणि दीड किलोचे एकशे अकरा झाले. आकडा आणि रेघ यांतला फरक फोटो मोठा केल्यावर दिसतो: एकाच्या आकड्याला डोके असते, रेघ सरळ उतरते. गोंधळात भर म्हणजे हीच जोडरेघ त्याच पत्रात आणखी दोन कामे करते. ‘॥ श्री ॥’मध्ये ती शोभेची असते आणि ‘पौष व॥ ७’मध्ये ‘वद्य’ या शब्दाचा संक्षेप दाखवते. कोणती रेघ कोणत्या कामावर आहे हे तिच्या शेजाऱ्यावरून ठरवायचे.

‘रवावे’ हा ख या अक्षराचा जुना खोडसाळपणा. र आणि व यांच्यामध्ये आत्याने हात किंचित सैल सोडला की ‘खावे’चे ‘रवावे’ होते. सुदैवाने त्या जागी दुसरा कोणताही शब्द अर्थ देत नाही, त्यामुळे इथे फार डोके लढवावे लागत नाही.

माऊचे प्रकरण मात्र गंभीर. घाईच्या अक्षरात भ आणि म सहज एकमेकांसारखे दिसतात, आणि शिरोरेघ सलग ओढलेली असली तर त्यांना वेगळे करणे फारच कठीण. पहिली कसोटी किल्लीच्या कागदाची. ‘लोभ’मधला भ आणि ‘क्षेम’मधला म शेजारी ठेवून या वादग्रस्त अक्षराशी ताडून पाहायचे. तरीही शंका उरली तर व्याकरणाला विचारायचे. माऊ दूध ‘घेते’. इथे तर ‘घेतो’ लिहिले आहे. म्हणजे खोकला भाऊला, अर्थात आत्याच्या धाकट्या बंधूंना झाला आहे. ते पंचाऐंशीचे असून त्यांना पशुवैद्य चालणार नाही.

उतारा करताना आत्याचे लेखन ‘दुरुस्त’ करण्याचा मोह टाळावा. ‘आंत’, ‘कळावें’, ‘पाठवितें’ यांवरचे टिंब ही चूक नव्हे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी असे न उच्चारले जाणारे बहुतेक अनुस्वार काढून टाकले. आत्याची शाळा त्याआधीच संपली होती. उलट प्रत्येक टिंब अनुस्वारच असते असेही नाही. जे सगळ्या पानभर अक्षरांशी संबंध न ठेवता विखुरलेले आहे ते फोडणीचे असते. ओळ जिथे मोडली तिथेच उताऱ्यातही मोडावी. मूळ पत्राशी ताडणे सोपे जाते. संशयित शब्द चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह ठेवावा. अंदाजाने भरलेली जागा पुढच्या पिढीला खरी वाटते, आणि मग घराण्यात तिळाची वखार होती अशी आख्यायिका तयार होते.

तारखेत एक मेख आहे. शके १९४६मध्ये ७८ मिळवून भाच्याने २०२४ काढले. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत हा हिशेब बरोबर. त्यानंतर फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. तेव्हा पौष वद्य सप्तमीचे हे पत्र जानेवारी २०२५चे. वर्षभर जुने पत्र समजून माफीने उत्तराची सुरुवात करण्याची गरज नाही.

उत्तर लिहिताना सर्वांत मोठा अपघात मायन्यात होतो. भाचा आत्याचाच मायना उचलतो आणि नव्वदीच्या बाईंना ‘चि.’ म्हणून अनेक आशीर्वाद देतो. आशीर्वाद वरून खाली येतात, नमस्कार खालून वर जातात. म्हणून ‘ती. आत्यास, शि. सा. न.’, म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार. ‘स. न. वि. वि.’, म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष, बरोबरीच्यांना आणि सोसायटीच्या चेअरमनला.

त्यानंतर पत्र आणि लाडू पावल्याची पोच, तीही लाडवांची स्थिती सांगून: किती फुटले, किती उरले, कोणी लपवले. मग आत्याच्या पत्रातल्या क्रमानेच एकेका गोष्टीला उत्तर द्यावे. भाऊंच्या खोकल्याची चौकशी आधी, स्वतःच्या बढतीची बातमी मागाहून. प्रेम ‘मिस यू’ने पोचत नाही, ‘या वेळी पाकात वेलची जास्त होती का?’ या प्रश्नाने पोचते, कारण त्यातून लाडू खाल्ल्याचा पुरावा मिळतो. अक्षर टपोरे, शाई काळी, ओळींत अंतर भरपूर असावे.

‘कळावे, लोभ आहेच तो वाढावा’ इथे पत्र संपते, पण मुद्दा संपत नाही. आत्याचा खरा मुद्दा समासातल्या ‘ता. क.’मध्ये होता: ‘मे महिन्यांत येणार कीं नेहमीप्रमाणें?’ भाच्याला आलेल्या फोटोत तो कापला गेला होता. समासासह फोटो पुन्हा मागवल्यावर दिसला. त्याचे उत्तरही ताज्या कलमातच द्यावे, आणि त्यात गाडीची तारीख असावी. ‘बघू’ हा शब्द आत्या कितीही वाईट अक्षरात वाचू शकते.