कोण जिंकतंय? : जावईबापूंना अनावृत पत्र

चि. जावईबापूंस,

अनेक आशीर्वाद. रविवारी संध्याकाळी आपण घरच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकलात आणि खाली तीनच शब्द लिहिलेत, ‘कोण जिंकतंय, पप्पा?’ सिंगापुरात फुटबॉलवर वाढलेल्या माणसाला असा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. तिथं दोन आकडे असतात, मोठा आकडा ज्याचा तो पुढे. आमच्याकडे मोठा आकडा बहुधा त्याचाच, ज्याची फलंदाजी आधी उरकली. आपल्या प्रश्नाला मेव्हण्यांनी हसरे चेहरे पाठवले, उत्तर कुणीच दिलं नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्या चित्रात एवढंच होतं: 96/4 (12.4) आणि CRR 7.58. शहाण्णव धावा, चार बाद, बारा षटकं आणि चार चेंडू. ते टिंब दशांशचिन्ह नव्हे. षटक सहा चेंडूंचं, म्हणून 12.5 नंतर थेट 13 येतं, धावफलकावर 12.6 सहसा दिसायचं नाही. बँकेतल्या नोकरीला जागून आपण 96 ला 12.4 नं भागलंत, 7.74 काढलंत आणि ‘ॲप चुकलंय’ असा निकालही देऊन टाकलात. ॲप बिचारं बारा षटकांचे 72 आणि वरचे 4 असे 76 चेंडू धरतं; 96 भागिले 76 गुणिले 6, म्हणजे 7.58. म्हणूनच सप्टेंबर 2024 मध्ये आपल्याच सिंगापूरनं मंगोलियाला 10 धावांत गुंडाळून 0.5 षटकांत सामना जिंकला, तेव्हा ‘अर्ध्या षटकात’ जिंकले असं समजायचं नसतं. पाच चेंडू लागले हो! अर्धं षटक तीन चेंडूंचं.

आता कोण जिंकतंय? चित्रावरून सांगता येत नाही, कारण नेमकी खालची ओळ आपण कापलीत. हा पहिला डाव असेल तर अजून कुणीच जिंकत नाही. 7.58 ही झालेल्या धावांची सरासरी. ती बरी की वाईट, हे समोरचे खेळल्याशिवाय कळायचं नाही. दुसरा डाव असेल तर लक्ष्य हवं. मी सामन्याची लिंक उघडून पाहिली: वीस षटकांचा सामना, लक्ष्य 151. म्हणजे 44 चेंडूंत 55, षटकामागे साडेसात. आत्तापर्यंत जमलेली गती आणि पुढे लागणारी गती जवळपास सारखीच. तेच लक्ष्य 180 असतं तर षटकामागे साडेअकराच्या आसपास लागल्या असत्या आणि याच 96/4 कडे पाहून मी सामना गेला म्हटलं असतं.

पण गती जुळली म्हणून सामना जिंकला, असं मानणाऱ्याला सिंगापूरच्या पाडांग मैदानावर न्यावं. 7 एप्रिल 1996, सिंगर कपची अंतिम लढत, पाकिस्तान सर्वबाद 215. श्रीलंकेचा सनथ जयसूर्या असा सुटला की 17 चेंडूंत अर्धशतक, तेव्हाचा विश्वविक्रम. धावफलकावर 70 लागले आणि जोडीदार कालुवितरणा शून्यावर बाद झाला. त्या सत्तरांत बॅटमधून आलेली एकूण एक धाव जयसूर्याची, बाकी अवांतर. सहा षटकंही झाली नव्हती. तेव्हा आपला स्क्रीनशॉट असता तर गती बाराच्या वर आणि पुढे लागणारी साडेतीनच्याही खाली दिसली असती. आपण लगेच लिहिलं असतं, ‘श्रीलंका जिंकली!’ जयसूर्या 28 चेंडूंत 76 करून गेला, मागचे एकेक करत परतले, सगळे 172 वर गारद. पराभव 43 धावांनी, आणि पंधराहून जास्त षटकं न खेळताच पडून राहिली. गतीचा आकडा खोटा नव्हता. शिल्लक विकेटी किती, हे सांगणं त्याचं कामच नव्हतं.

म्हणून 96/4 मधला तो चार आधी पाहा, आणि मग क्रीझवर कोण आहे ते. दोघं जमलेले फलंदाज असतील तर 44 चेंडूंत 55 हे फलंदाजांच्या बाजूनं झुकलेलं गणित आहे. नुकताच आलेला गोलंदाज एका टोकाला असेल तर तेच आकडे मी समोरच्यांच्या पारड्यात टाकीन. थोडक्यात उत्तर द्यायचं तर ‘आपले, पण थोडेच’. पुढच्या वेळी कृपा करून अख्खा पडदा टिपावा, बॅटरीच्या चिन्हासकट चालेल.

कळावे, लोभ आहेच, वाढावा.

आपले सासरे

ता. क. पत्र लिहिता लिहिता ढग गडगडले आणि सामना 12.4 वरच थांबला. आपलं नशीब थोर. पाऊस पडला की मगच ‘आत्ता कोण जिंकतंय’ याला नेमका आकडा मिळतो. ‘डीएलएस पार’ नावाची ओळ शोधा. उरलेली षटकं आणि पडलेल्या विकेटी दोन्ही धरून ती सांगते, या चेंडूला किती धावा हव्या होत्या. 96 त्याच्या वर असेल आणि खेळ परत सुरू झाला नाही, तर आपले जिंकले. तेवढी ओळ न कापता पाठवा.