मंजुरीपत्रातला पाहुणा

हिनकलमध्ये घर घेणाऱ्याने एप्रिल २०२२ मध्ये ३० लाखांचे, २० वर्षांचे कर्ज काढले असे धरू. मंजुरीपत्रात दर ठळक अक्षरांत: ६.६५ टक्के. खाली बारीक टायपात त्याची फोड: रेपो ४ टक्के, अधिक बँकेचा २.६५ टक्क्यांचा फरक. हप्ता सुमारे २२,६३३ रुपये. पेढे वाटून झाले.

मे महिन्यात रेपो चढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर जाऊन बसला. कर्जाचा दर ९.१५ टक्के. आता ३० लाखांवर महिन्याचे नुसते व्याजच २२,८७५ रुपये! जुन्या हप्त्यात मुद्दल फिटणे दूरच, व्याजही पुरते भागेना. म्हणून ‘हप्ता तोच राहील’ या गोड वाक्यानंतर मुदतीचा रकाना वाचावा. वाढ तिथे मुक्कामाला येते. ऑगस्ट २०२३ पासून रिझर्व्ह बँकेने हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायला लावले आहे.

प्रक्रिया शुल्क अर्धा टक्का, म्हणजे १५,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटीचे २,७००. कर्ज नको म्हटले तरी ते बहुधा परत येत नाहीत.

वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या दराचे असेल तर मुदतपूर्व फेडीवर दंड नाही, हे २०१२ पासूनचे. दर काही वर्षे स्थिर असेल, तर मात्र दंडाचे कलम शोधावे. ते सहसा शेवटच्या पानावर, सहीच्या जरा वर असते.