बसतंयराव

सिडकोच्या कुठल्याही गल्लीत जा, एन-सहा असो की एन-अकरा, एक बसतंयराव सापडतोच. आमच्या गल्लीतले पन्नाशी ओलांडलेले आहेत. घरात टेप आहे, पण ती उघडणं त्यांना कमीपणाचं वाटतं. खोलीच्या दारात उभं राहायचं, एक डोळा बारीक करायचा, हवेत हाताने एक चौकोन काढायचा आणि निकाल द्यायचा : “बसतंय की!”

मुलाचं लग्न ठरलं तेव्हा हा निकाल त्यांनी जालना रोडवरच्या एका दुकानात दिला. दुकानाचा हॉल केवढा, त्यात पाच फुटी पलंग पाटासारखा दिसतो. त्यांनी चार ड्रॉवरवाला पलंग घेतला, तीन पल्ल्यांचं कपाट घेतलं आणि हमालीत पन्नास रुपये कमी करून विजयी मुद्रेने घरी आले.

खोली दहा बाय नऊ. दक्षिणेकडे डोकं हवं, एवढं शास्त्र ते पाळतात. म्हणून पलंग दक्षिणेच्या भिंतीला मधोमध लावला आणि समोर, उत्तरेच्या भिंतीला, दाराशेजारी कपाट. बसलं! हमालांनाही चहा मिळाला.

संध्याकाळी बसतंयरावांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, कपाट उघडायला घेतलं. पल्ला निम्मा आला आणि पलंगाच्या पायथ्यावर खट्कन आपटला. हिशेब साधा होता. खोलीची लांबी १२० इंच. पलंग डोक्याकडच्या फळीसकट ८१, कपाटाची खोली २४. उरले १५ इंच आणि पल्ला १८ इंचांचा. शालू काढायचा तर एक हात फटीतून आत घालून चाचपायचं. ड्रॉवरची तऱ्हा आणखी न्यारी. दोन्ही बाजूंना तेवीस-तेवीस इंच जागा, ड्रॉवर वीस इंच बाहेर येतो, मग माणसाने उभं कुठे राहायचं? पलंगावर पालथं पडून खाली लोंबकळत चादरी काढाव्या लागत. देवगिरीचा किल्ला शत्रूला सरळ आत शिरता येऊ नये असा बांधला; इथे घरच्या सुनेसाठीच तटबंदी झाली होती.

“वापरून वापरून सैल होईल,” बसतंयराव म्हणाले. लाकूड सैल होतं, भिंती होत नाहीत.

शेवटी वहिनींनीच खडू आणि सुतळी घेतली. पल्ल्याच्या रुंदीएवढी सुतळी, एक टोक बिजागरीच्या जागी दाबून धरायचं, दुसऱ्या टोकाला खडू, आणि फरशीवर पाव वर्तुळ. खोलीच्या दाराचंही तसंच, तीस इंचांचं. ड्रॉवरसाठी त्याच्या लांबीची पट्टी, आणि पुढे माणूस वाकेल एवढी जागा वेगळी. सामान बंद असताना किती जागा घेतं हे बसतंयराव बघतात. वहिनींनी ते उघडं असताना मोजलं.

त्या रेषांवरून उत्तर आपोआप निघालं. पलंग पश्चिमेच्या भिंतीला टेकवला, डोकं दक्षिणेलाच. कपाट वळवून पूर्वेच्या भिंतीला लावलं, पण पायथ्याकडच्या कोपऱ्यात. पलंगाच्या पायथ्यापुढे ३९ इंच मोकळे राहतात. कपाटाचे दोन पल्ले त्या मोकळ्या जागेत उघडतात. पलंगासमोर येतो तो फक्त तिसरा. त्याला २२ इंच मिळतात. पल्ला पुरा उघडतो, माणूस आडवा उभा राहतो. खोलीचं दार पश्चिमेच्या भिंतीला चिकटून उघडतं, पलंगाला लागत नाही. कपाट मात्र कोपऱ्यात अगदी चिकटवलं नाही, दोन इंच सोडले. नाहीतर मूठ भिंतीला अडते, पल्ला काटकोनाच्या आतच थांबतो आणि कपाटातला खण त्याच्या कडेला घासतो.

भिंतीकडचे दोन ड्रॉवर यात कायमचे बंद झाले. वहिनींनी त्यात रजया भरल्या. हिवाळ्यात गादी उचलून वरची फळी काढायची आणि घ्यायच्या. दुकानात तेव्हा हायड्रॉलिक पलंगही होता. त्याची फळी वर उचलली जाते, बाजूला इंचभरही जागा लागत नाही. पण “ड्रॉवर म्हणजे कसं, सोयीचं!” असं कुणी म्हणालं होतं, नाव घेत नाही.

एक उणीव मात्र राहिलीच. भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री उठायचं तर पायथ्याकडून सरपटत यावं लागतं. ती जागा मुलाला मिळाली, आणि बापाच्या डोळ्याच्या मापाची किंमत तो मोजतो आहे.

बसतंयराव बदललेले नाहीत. परवा शेजाऱ्यांच्या बोळात उभे राहून, एक डोळा बारीक करून, ते फ्रीजला आशीर्वाद देत होते. फ्रीजचंही दार उघडायचं असतं, हे मी सुचवून पाहिलं. तुमच्याकडे फर्निचर घ्यायचं असेल तर यांना अवश्य घेऊन जा, हमाली फार छान ठरवतात. पैसे देण्याआधी मात्र खोलीच्या फरशीवर खडूची रेघ मारायला वहिनींना बोलवा.