विषय : हजेरीपट निवृत्त करणेबाबत

शाळेचा कागदी हजेरीपट स्वभावाने फार समंजस असतो. सोमवारची हजेरी गुरुवारी भरली तरी तो कुरकुरत नाही, आणि तपासणीच्या आदल्या संध्याकाळी पंधरा दिवसांची एकदम भरली तरी चेहऱ्यावर तसे दाखवत नाही. निपाणी परिसरातील एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापकांपुढे ठेवायच्या या टिपणात त्याच्या जागी एक साधा डेटाबेस सुचवला आहे. डेटाबेस इतका समंजस नसतो, हे आधीच नमूद केलेले बरे.

सद्यस्थिती : उदाहरणादाखल सातवीचा वर्ग घ्यावा. पटावर 38 मुले, महिन्यात कामाचे 24 दिवस, म्हणजे सकाळच्या सत्राचे 912 चौकोन. त्यांत 96 गैरहजेऱ्या असतील तर हजेरी 816 आणि रोजची सरासरी 34. ही बेरीज मुलामागे आडवी आणि तारखेमागे उभी अशी दोनदा करतात. दोन्ही जुळल्या पाहिजेत. उभी बेरीज 818 भरली, तर 912 चौकोन पुन्हा तपासण्यापेक्षा मागच्या एखाद्या शनिवारी दोन मुलांना गैरहजर करणे सोपे पडते. मुलांची हरकत नसते, कारण त्यांना ते कळत नाही.

व्याप्ती : एका संगणकावर एसक्यूलाइटसारखा फुकट डेटाबेस आणि त्यात तीन तक्ते पुरतात. पहिला विद्यार्थ्यांचा. एकाच मुलाचे नाव पटावर मराठीत, सरकारी कागदावर कन्नडात आणि आधारकार्डावर इंग्रजीत असते, आणि तिन्हींचे जुळतेच असे नाही. म्हणून नावांना तीन रकाने द्यावेत, पण ओळख मात्र शाळेच्या दाखल क्रमांकावरून ठरवावी. सीमाभागात क्रमांकाच्या भाषेवरून अद्याप मोर्चा निघालेला नाही.

दुसरा तक्ता सत्रांचा : कोणत्या वर्गाची, कोणत्या तारखेची हजेरी घेतली आणि ती नोंद प्रत्यक्ष केव्हा झाली. तिसऱ्यात फक्त गैरहजर मुले. हजर मुलांची वेगळी नोंद लागत नाही, त्यामुळे 912 ऐवजी 96 ओळींत महिना संपतो. पण मग मधला तक्ता हवाच. तो नसेल तर सगळी मुले आलेला दिवस आणि हजेरी घ्यायचेच राहून गेलेला दिवस, दोन्ही सारखेच कोरे दिसतात. तसे दिसणे कोणाला सोयीचे आहे, हा प्रश्न या टिपणाच्या व्याप्तीबाहेर आहे. शिक्षकांची हजेरीही व्याप्तीबाहेर ठेवली आहे. प्रस्ताव मंजूर व्हावा अशी इच्छा आहे.

फायदे : पहिला फायदा स्वयंपाकघराचा. हजेरी होताच अक्षर दासोहच्या माध्यान्ह भोजनासाठी ताटांचा आकडा मिळतो. आकडा ताटांना जुळतो की ताटे आकड्याला, हा भेद मग उघड दिसतो. सीमेपलीकडे महाराष्ट्राने ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी केली, तेव्हा एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावावी लागली होती. मतदानाचा सराव मुलांना असा लवकर मिळाला.

दुसरा फायदा, वारनिहाय आणि महिनानिहाय गैरहजेरी काढता येते. आठवडी बाजार, तंबाखूचा हंगाम आणि सौंदत्तीची यात्रा यांत कोणती मुले गळतात हे गुरुजींना ठाऊक असतेच. पण ते आकड्यांत दिसले तर त्या मुलांच्या घरी वेळेवर जाता येते.

तिसरा फायदा सर्वांत मोठा आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचा. पुढील दोन ओळी उशिरा भरलेली प्रत्येक हजेरी बाहेर काढतात :

```
SELECT varg, tarikh FROM satra
WHERE date(nondvel) > tarikh;
```

यासाठी नोंदीची वेळ संगणकाने स्वतः टाकावी, गुरुजींना तो रकाना बदलता येऊ नये आणि संगणकाचे घड्याळ बरोबर असावे. दुरुस्ती करायची तर जुनी नोंद न पुसता कारणासह नवी करावी. पहिल्याच महिन्यात या यादीत बरेच वर्ग येतील आणि त्याच आठवड्यात संगणक बिघडल्याची तक्रारही येईल. दोन्ही घटना एकत्र वाचाव्यात.

मर्यादा : वीज जाते, म्हणून एका कागदावर गैरहजर क्रमांक टिपून ठेवावेत आणि वीज आल्यावर भरावेत. अशी नोंद त्याच दिवशी झाली तर वरच्या यादीत येत नाही. दर शनिवारी प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, आणि तो पेनड्राइव्ह संगणकाला लावूनच ठेवू नये. पहिला महिना पट आणि डेटाबेस दोन्ही चालवून बेरजा ताडून पाहाव्यात. खात्याला सहीचा कागद लागतो, तेव्हा महिनाअखेर छापील पट काढून त्यावर सही घ्यावी.

वर्गात न डोकावता सगळ्यांना हजर केले, तर डेटाबेसही ते मुकाट्याने मान्य करतो. तो मुले मोजत नाही, मोजल्याचे ऐकतो. फक्त कोणत्या दिवशी, किती वाजता ऐकले तेवढे विसरत नाही. शाळेला एवढी आठवण परवडणार असेल तरच मुख्याध्यापकांनी या प्रस्तावावर सही करावी, आणि सहीखाली त्याच दिवसाची तारीख घालावी.