चुकीचं उत्तर द्या हो कुणीतरी!

बी.एड.च्या प्रात्यक्षिक परीक्षेतल्या सूक्ष्मपाठाचं टाचण वाचलं की आपल्या शिक्षणाबद्दलच्या सगळ्या चिंता मिटतात. ‘विद्यार्थी कृती’च्या रकान्यातलं एकही पोर चुकत नाही. पाणी कुठे गेलं? ‘पाण्याची वाफ झाली.’ त्याला काय म्हणतात? ‘बाष्पीभवन.’ शाबास! मग बाई शिकवायला आल्या आहेत कशाला?

सूक्ष्मपाठात एकच कौशल्य दाखवायचं असतं. बाईंनी निवडलंय प्रश्नकौशल्य, त्यातही उत्तराचा पाठपुरावा. म्हणजे उत्तर अर्धवट आलं, चुकलं किंवा आलंच नाही, तर पुढे काय विचारता ते परीक्षक बघणार. पाठपुरावा करायला आधी कुणीतरी चुकायला तर हवं! टाचणात मात्र चौदा प्रश्न आणि चौदा बिनचूक उत्तरं. प्रश्न, उत्तर आणि त्यावरचा उपप्रश्न यात मिनिटभर सहज जातं. सुरुवात आणि फळ्यावरचा समारोप वगळला तर दहा मिनिटांत सहा-सात प्रश्नांपलीकडे गाडी जात नाही. चौदा उरकणाऱ्या बाई शिकवत नाहीत, हजेरी घेतात.

त्यापेक्षा टाचणात चूकच लिहावी. पुसलेल्या फरशीवरचं पाणी कुठे गेलं? ‘उन्हानं शोषून घेतलं.’ सातवीतलं पोर हेच म्हणणार. इथे ‘चूक, बस खाली’ म्हटलं की कौशल्यही खाली बसलं. त्याऐवजी विचारावं, ‘रात्री पुसलेली फरशी वाळत नाही का?’ पोर अडखळतं, पण स्वतःच रस्ता बदलतं. मग, ‘पंखा लावला तर?’ ‘लवकर वाळते.’ ‘पंख्यानं पाण्याचं काय केलं?’ उत्तर आलं नाही तर तोच प्रश्न शेजारच्याकडे वळवावा. शेवटी, ‘पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस का दमट राहतात?’ हवेत आधीच बाष्प भरलेलं असतं, इथपर्यंत वर्ग आला की पुरे. बाष्पीभवन हा शब्द फळ्यावर आता लिहावा, आरंभी नव्हे. आधी लिहिला की पुढचं प्रत्येक उत्तर पोरं फळ्यावरूनच वाचतात.

निरीक्षणपत्रिकेकडेही सरावातच बघून घ्यावं. सगळ्या खुणा ‘नवा प्रश्न’ याच ओळीत पडल्या असतील, तर पाठपुरावा झालेला नाही, मग फळा कितीही रंगीत असो.

राहता राहिला वर्ग. ही सातवीतली पोरं म्हणजे खरं तर पदवी घेऊन बसलेल्या मैत्रिणी. त्यांतल्या एकीला ‘तू ऊन म्हण’ असं पढवून ठेवावं, तर ती परीक्षकांना बघून दचकते आणि खणखणीत आवाजात ‘बाष्पीभवन!’ म्हणते. बाईंचा चेहरा पडतो. पडू नये म्हणून टाचणात तिच्यासाठीही एक ओळ हवी: ‘कशावरून? वाफ तर मला दिसली नाही.’ मैत्रिणीला मग पदवी आठवावी लागते, आणि पुढचा मिनिटभर परीक्षकही पेन खाली ठेवून तिच्या उत्तराची वाट बघतात.