‘नाही’ म्हणणारे दाजी

आमच्या कळंबकडं ‘नाही’ हा शब्द कुणी वापरत नाही. त्या जागी ‘बघू’ वापरतात. उसने पैसे मागा, ‘बघू’. पोरीचं स्थळ सुचवा, ‘बघू’. अशा मुलखात आमचे दाजी शेती अवजारांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या तक्रारींना व्हॉट्सॲपवर उत्तरं देतात आणि दिवसातून चार वेळा स्वच्छ ‘नाही’ लिहितात. तरी आजवर त्यांना कुणी मारलेलं नाही, हे विशेष.

दाजी पूर्वी पुण्यात एका कॉल सेंटरात होते. तिथून येताना त्यांनी एक हेडफोन, थोडी पाठदुखी आणि एक शहाणपण आणलं. ते म्हणतात, “‘बघू’ म्हणलं की माणूस सोमवारी एसटीनं येतो. पुन्हा ‘बघू’ म्हणलं की गुरुवारी येतो. दोन तिकिटांत त्याचा राग दुप्पट होतो. मग नकार पहिल्याच ओळीत द्यावा की!”

मागच्या जुलैत वाशी तालुक्यातल्या एका काकांचा मेसेज आला. बॅटरीचा फवारणी पंप परत घ्या, पोराला पेट्रोलचा पाहिजे. पंप नेलेला २ तारखेला, मुदत सात दिवसांची, मेसेज १५ ला. वर काकांनी त्यातून तणनाशकही मारलेलं.

मालकांनी सुचवलं, “लिही, क्षमस्व, आपल्या भावना आम्ही समजू शकतो.” दाजींनी मान हलवली. “भावना समजतात म्हणलं की गिऱ्हाईक म्हणतं, समजतात तर पैसे दे!”

मग दाजी उठले. गोडाऊनमध्ये जाऊन पेट्रोलचा पंप शिल्लक आहे का ते डोळ्यांनी बघून आले. जुन्याचे किती धरायचे, हा आकडा मालकांच्या तोंडून काढला, वहीत लिहिला आणि खाली त्यांची सही घेतली. त्यांचं म्हणणं असं, की जो पर्याय उद्या काकांनी दारात येऊन मागितला तर आपल्याला देता येईल, तेवढाच लिहायचा. बाकी सगळं ‘बघू’च.

उत्तर असं गेलं :

“रामराम काका. पंप २ तारखेला नेला, परतीची मुदत ९ ला संपली, म्हणून पैसे परत मिळणार नाहीत. टाकीत तणनाशक गेलंय. धुतलं तरी अंश राहू शकतो आणि पुढच्याचं सोयाबीन करपू शकतं, त्यामुळं तो नवा म्हणून विकता येत नाही. दोन गोष्टी करता येतील. पेट्रोलचा घेतला तर जुन्याचे १२०० रुपये वजा करू. हा भाव ३१ जुलैपर्यंत. नाहीतर हाच वापरा. मोटार आणि बॅटरीची वॉरंटी २ जानेवारीपर्यंत आहे. त्यात दोष निघाला तर बिल घेऊन या, भाग फुकट बदलू. दाब कमी वाटला तर आधी नोझलची जाळी धुवा, बहुतेकदा तिथंच कचरा असतो.”

काकांनी फक्त अंगठा पाठवला. शेवटच्या आठवड्यात येऊन पेट्रोलचा पंप घेऊन गेले.

मात्र दाजींचा नकार सरसकट नाही. मन बदललं तर मुदत म्हणजे मुदत, पण माल सदोष निघाला तर वेगळा हिशेब. भिंतीवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी होती. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दाखवून ती त्यांनी मालकांना काढायला लावली. सदोष माल बिलावरच्या मुदतीत परत घ्यायलाच लागतो आणि बिलावर मुदतच नसली तर कायदा तीस दिवस धरतो. पाटीच्या खिळ्याला आता कॅलेंडर आहे. दाजी त्यावर बोट ठेवून दिवस मोजतात.

घरीही हीच शिस्त. ताईनं “भाजी कशी झालीय?” विचारलं तर म्हणतात, “मीठ जास्त पडलंय, आता निघणार नाही. बटाटा टाक, नाहीतर मला दही दे.” ताई दही देते, पण वाटी जरा आपटूनच.

यंदा नवरात्रात त्यांनी तुळजापुरात ताईला साडी घेतली. रंग पटला नाही. परत न्यायला उशीर झाला होता. दुकानदार गोड हसून म्हणाला, “बघू की, सोमवारी या.” दाजी चार सोमवार गेले. पाचव्या सोमवारी मीही सोबत होतो. दुकानदारानं चहा मागवला, तब्येत विचारली आणि पुन्हा म्हणाला, “बघू.”

दाजींनी हात जोडले. आवाज अगदी रडवेला झाला होता.

“मालक, तुमच्या पाया पडतो, एकदाचं नाही म्हणा!”

दुकानदार विचारात पडला. म्हणाला, “तेही बघू.”