वाण म्हणून फोटो: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

यंदा हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे वाटायचे नाहीत, आलेल्या प्रत्येक बाईला तिचा फोटो जागेवर छापून द्यायचा, असं घरात ठरलं असेल तर हे मार्गदर्शन तुमच्यासाठी आहे. ठरवणारी व्यक्ती वेगळी आणि छापणारे तुम्ही, हे गृहीत धरलं आहे.

प्रथम खिशात मावणारा प्रिंटर हाती घ्या आणि शाई कुठे भरायची ते शोधा. सापडणार नाही. घरातले जाणकारही शोधतील, त्यांनाही शोधू द्या. या प्रिंटरना शाई नसतेच. सगळा रंग झिंक नावाच्या कागदात असतो: पिवळा, किरमिजी आणि निळसर अशा तीन थरांत रंगाचे स्फटिक, तापेपर्यंत बिनरंगी. वरचा पिवळा थर क्षणभर पण कडक तापवला की उमटतो, तळातल्या निळसर थराला कमी उष्णता पण जास्त वेळ लागतो. प्रिंटर फक्त चटके देतो, कुठे किती ते मोजून. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचे सगळे घोटाळे का होतात ते आपोआप कळेल.

कागदाचं पाकीट फोडा. आत दहा कागद आणि एक निळा पुठ्ठा असेल. निळा पुठ्ठा पॅकिंगचा समजून टाकून देण्याची प्रथा आहे, ती मोडा. त्यावर बारकोड असतो, आणि या पाकिटातल्या कागदाला किती चटका द्यायचा हे प्रिंटर त्यावरून समजून घेतो. पुठ्ठा बारकोड खाली करून सगळ्यांत खाली, त्यावर फोटोचे कागद चकचकीत बाजू वर. पुठ्ठा आधी बाहेर येतो. तो न घालता छापलंत तर सगळ्या बायका जरा जास्तच लालबुंद दिसू शकतात, आणि दोष मेकअपला जातो. आधीच्या पाकिटाचा पुठ्ठा या पाकिटाला चालवू नका.

आता जोडणी. प्रिंटरवर एनएफसीची खूण असेल तर फोनचं कुलूप उघडून फोनची पाठ तिथे टेकवा. काहीच होणार नाही. फोन वर-खाली सरकवा, कारण एनएफसीचा अँटेना कुठल्या फोनमध्ये कॅमेऱ्याजवळ तर कुठल्यात मध्यावर असतो. जाड किंवा धातूचं कव्हर काढा. टिक झाली की दोघांची ओळख झाली. एनएफसीचं काम तेवढंच. फोटो जातो तो ब्लूटूथनेच. खूण नसेल तर ब्लूटूथच्या यादीतून हाताने जोडा. आणि जाऊबाईंनी हौसेने आधी त्यांचा फोन जोडून ठेवला असेल, तर बहुतेक प्रिंटर तुम्हाला ओळख देणार नाहीत. त्यांच्या फोनचं ब्लूटूथ बंद करायला लावा. ते कसं सांगायचं, हे या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर आहे.

फोटो काढताना सगळ्यांना एका ओळीत उभं करण्याचा मोह होईल. समजा बारा बायका आहेत आणि फोटो १६:९ मध्ये, काठोकाठ भरलेला. कागद २ बाय ३ इंचाचा, म्हणजे त्याचं प्रमाण ३:२. कागद पूर्ण भरायचा तर फोटोच्या रुंदीचा जवळजवळ सहावा भाग कापला जातो, दोन्ही कडांना निम्मा निम्मा. डावीकडची एक आणि उजवीकडची एक अशा दोन बायका गेल्या. कडेला बहुधा मागाहून आलेल्या, म्हणजे आधीच थोड्या रुसलेल्या असतात. उरलेल्या दहा जणी ७६ मिलिमीटरमध्ये, प्रत्येकीच्या वाट्याला साडेसात मिलिमीटर; चेहरा शेंगदाण्याएवढा. तेव्हा कॅमेरा ४:३ वर ठेवा आणि दोघी-तिघींना जवळ घेऊन फोटो काढा. ४:३ मध्येही उंचीचा नववा भाग जातो, म्हणून डोक्यावर जागा सोडा. नाहीतर गजरे कापले जातील.

एका फोटोला साधारण मिनिट लागतं. चार-पाच लागोपाठ छापले की प्रिंटर तापतो आणि दिवा लुकलुकवत थांबतो; त्याला जास्तीचा चटका द्यायचा नसतो. बटण दाबत बसू नका, तिळगूळ फिरवा. कागद बाहेर येताना ओढायचा नाही, पट्टे उमटतात. बारा जणींसाठी दोन पाकिटं लागतील हे सकाळीच लक्षात घ्या, आणि ती उन्हातल्या गाडीत ठेवू नका.

शेवटी, फोटो हातात देताना प्रत्येकीला बजावा: लॅमिनेशन करू नका. झेरॉक्सच्या दुकानातलं मशीन गरम रुळांमधून कागद काढतं, आणि झिंक कागदाला प्रिंटरचा चटका आणि दुकानदाराचा चटका यातला फरक कळत नाही. कमी उष्णतेला पण जास्त वेळात उमटणाऱ्या निळसर थरात उरलेला रंग जागा होतो आणि फोटो निळा पडून बाहेर येतो. दुकानदार म्हणतो, कागदच खराब होता. बाई तुम्हाला फोन करते.